रोजची नाडी, वजन आणि घोट्यांची सूज: हार्ट फेल्युअरमध्ये डॉक्टरांना फोन कधी करायचा?

हे प्रश्न रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांतले आकडे प्रौढ रुग्णांसाठीचे सर्वसाधारण आहेत. तुमच्या फाईलवर डॉक्टरांनी वेगळी मर्यादा लिहून दिली असेल तर तीच धरा.

१. वडिलांचं पंपिंग ३० टक्के आहे असं इकोमध्ये आलं. गोळ्या चालू आहेत, आता बरं वाटतंय. मग रोज वजन आणि नाडी कशाला?

कारण दम लागायच्या बऱ्याच आधी पाणी साठायला लागतं. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. शरीरात पाणीच कमी आहे असं समजून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी साठलं की काट्यावर एक किलो वाढतो, पण त्या दिवशी माणसाला काहीच जाणवत नाही. बहुतेकांच्या पायावर स्पष्ट सूज दिसेपर्यंत दोन-अडीच लिटर पाणी साठलेलं असतं. ॲडमिट व्हावं लागलेल्या कित्येक रुग्णांचं वजन त्याच्या आठवडाभर आधीपासून चढत असतं. त्या आठवड्यात फोन झाला तर गोळी वाढवून भागतं. नंतर झाला तर ऑक्सिजन आणि शिरेतून औषध लागतं.

नाडी वेगळी गोष्ट सांगते. एका ठोक्यात रक्त कमी ढकललं जात असेल तर हृदय ठोके वाढवून ती कसर भरून काढतं. म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी रोज थोडी थोडी चढत असेल तर हृदयावर ताण वाढतोय असं धरायचं.

३० टक्क्यांचा आकडा ऐकून घाबरणाऱ्यांसाठी एक खुलासा: निरोगी हृदयही एका ठोक्यात पूर्ण रिकामं होत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच रिकामं होतं. आणि ज्यांचं पंपिंग नॉर्मल आहे पण हृदय कडक झाल्यामुळे हार्ट फेल्युअर आहे, त्यांनाही या नोंदी तितक्याच लागू आहेत.

२. वजन नेमकं केव्हा आणि कसं करायचं? रोज अर्धा किलो इकडे-तिकडे होतं.

सकाळी उठल्यावर लघवी करून या, चहा-पाणी घ्यायच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत, अनवाणी काट्यावर उभे राहा. रात्रपाळी असेल तर झोपून उठाल ती तुमची सकाळ. अर्धा किलो वर-खाली होणं स्वाभाविक आहे. आदल्या रात्रीचं उशिराचं जेवण किंवा साफ न झालेलं पोट एवढा फरक पाडतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तीन दिवसांचा कल बघायचा.

काटा डिजिटल घ्या, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. स्प्रिंगच्या काट्यावर वाकून काटा वाचताना एक किलो सहज इकडचा तिकडे होतो. काटा सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवू नका. जुन्या चाळींतल्या शहाबादी फरशीला उंचसखलपणा असतो, काटा डुगडुगला की आकडा बदलतो. एक सपाट लादी शोधा, काट्याच्या चार पायांभोवती खडूने खुणा करा आणि रोज तिथेच ठेवा. काट्याची शंका आली तर न फोडलेली १० किलो तांदळाची पिशवी हातात धरून उभे राहा, मग पिशवीशिवाय उभे राहा. फरक १० च्या आसपास यायला हवा. येत नसेल तर आधी सेल बदला.

दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा यांची तुलना करू नका. ओपीडीत चपला, कपडे, जेवण सगळं अंगावर आणि पोटात असतं. तुलना घरच्या काट्याची घरच्याच काट्याशी.

३. डॉक्टर 'ड्राय वेट' म्हणतात ते कोणतं वजन?

अंगात साठलेलं जादा पाणी निघून गेल्यावरचं वजन. पायाला सूज नाही, उताणं झोपता येतंय, दम नाही, अशा दिवशीचं घरच्या काट्यावरचं वजन. बहुधा डिस्चार्जनंतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी घरी केलेलं वजन डॉक्टरांना दाखवून ते पक्कं करतात. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हा आकडा कायमचा नसतो. भूक सुधारून अंगावर मांस चढलं, किंवा आजारपणात खंगलं, की ड्राय वेट बदलतं. दर तपासणीला विचारा, "तेच धरू का?" हे न विचारल्याने काय फसतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

४. नाडी घरी कशी मोजायची? बोटाला लावायचं ऑक्सिमीटर चालेल का?

वजन झालं की खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मोबाईल नाही, बोलणं नाही. मग मनगटावर अंगठ्याच्या बाजूला पहिली दोन बोटं हलकेच ठेवा आणि घड्याळात पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका. एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो, आणि मधेच गळणारे ठोके त्या १५ सेकंदांत सापडतीलच असं नाही. आपला अंगठा दुसऱ्याच्या नाडीवर ठेवायचा नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते.

मुंबईत एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. पहाटे नळाला पाणी येतं, हंडे-बादल्या भरून झाल्यावर मोजलेली नाडी ही विश्रांतीची नाडी नव्हे. एक तर पाणी भरण्याआधी मोजा, नाहीतर भरून झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. चहानंतर, पायऱ्या चढून आल्यावर, घरात वादावादी झाल्यावरही हेच.

ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन नियमित नाडीसाठी चालतात. नाडी अनियमित असेल, किंवा मधे मधे जादा ठोके पडत असतील, तर यंत्र कमकुवत ठोके मोजतच नाही. एकाआड एक ठोका कमकुवत असेल तर ८० ची नाडी ४० दाखवू शकतं. यंत्रावर विचित्र आकडा दिसला की घाबरण्याआधी हाताने ६० सेकंद मोजा.

आकड्याशेजारी 'नियमित' किंवा 'अनियमित' एवढा एक शब्द लिहा. डॉक्टरांना त्या शब्दाचा फार उपयोग होतो.

५. स्वस्थ बसल्यावर नाडी किती हवी?

नियमित नाडी असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णात औषधं लागू पडल्यावर साधारण ५५ ते ७० ही चांगली जागा. सत्तरच्या वर कायम राहत असेल तर ती घाईची बाब नाही, पण पुढच्या तपासणीत दाखवण्याची आहे. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल किंवा कार्व्हेडिलोल, याचा डोस वाढवायला वाव असतो, किंवा इवाब्राडीन जोडता येतं.

रोजच्या कामासाठी मात्र तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. चांगल्या सात दिवसांच्या नाडीची सरासरी काढा आणि ड्राय वेटखाली लिहा. बीटा ब्लॉकर नाडीला लगाम घालतं, त्यामुळे या रुग्णांची नाडी शंभरच्या वर जायची वाट बघणं धोक्याचं. नेहमी ६६ असणारी नाडी तीन दिवस ८० येत असेल तर तो आकडा कागदावर 'नॉर्मल' असला तरी तुमच्यासाठी नाही. ताप, जुलाब, रक्त कमी होणं, थायरॉईड आणि चुकलेली गोळी यांनीही नाडी चढते. म्हणून नाडी चढली की आधी कालच्या गोळ्यांचं पाकीट तपासा.

६. सूज आहे की पाय मुळातच जाड आहेत, कसं ओळखायचं?

घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवून सावकाश दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि सोडा. बोट फिरवून बघा. खळगा राहिला तर ती पाण्याची सूज. चरबी दाबली की लगेच पूर्ववत होते. खळगा किती खोल आणि किती वर लागतो ते लिहा: 'घोट्यापर्यंत', 'अर्ध्या नडगीपर्यंत', 'गुडघ्यापर्यंत'. सूज वर सरकणं हे खळगा खोल होण्याइतकंच महत्त्वाचं.

डोळ्यांच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका. शिंप्याची टेप घ्या. तळव्यापासून १० सेंटिमीटर वर पायावर पेनाने खूण करा आणि रोज त्याच खुणेवर टेप न आवळता गुंडाळून घेर मोजा. दोन्ही पायांचा वेगळा. खूण पुसत आली की पुन्हा काढा.

वेळ सकाळचीच ठेवा. संध्याकाळी लोकलमध्ये उभं राहून किंवा दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर अनेकांचे घोटे भरतात आणि झोपेत उतरतात. रात्रभर आडवं होऊनही सकाळी टिकलेली सूज जास्त बोलते.

बायकांच्या बाबतीत जोडवी आणि पैंजण टेपच्या आधी सांगतात. काल सहज फिरणारं जोडवं आज बोटात रुतलं असेल तर ते वहीत लिहा. पुरुषांच्या पायावर मोज्याच्या रबराचा वळ किती वेळ टिकतो ते बघा.

७. नेमकं किती बदललं की फोन करायचा?

त्याच दिवशी, ओपीडीच्या वेळेत फोन करायची कारणं अशी. तीन दिवसांत वजन २ किलो किंवा जास्त वाढलं. किंवा एका रात्रीत सव्वा ते दीड किलो वाढलं आणि पुन्हा वजन करूनही तेवढंच आलं. सकाळची सूज नव्याने आली किंवा वर सरकली. विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा १५ ने जास्त, सलग दोन-तीन दिवस. नाडी १०० च्या वर, १५ मिनिटं बसून पुन्हा मोजली तरी तीच. नाडी नव्याने ५० च्या खाली. नियमित नाडी अनियमित झाली. रात्री झोपायला एक उशी पुरायची, आता दोन लागतात, किंवा पाठीवर झोपल्यावर खोकला येतो.

रात्र असो की रविवार, लगेच फोन करायची कारणं: नाडी १२० च्या वर टिकून आहे, किंवा ४० च्या खाली आहे, किंवा ५० च्या खाली असून चक्कर येतेय. सरळ १०८ कधी, ते प्रश्न ९ मध्ये.

या यादीत उशी मुद्दाम घातली आहे. ती आकडा नाही, पण छातीत पाणी चढत असल्याची ती फार खरी खूण आहे.

८. एकही आकडा मर्यादेबाहेर नाही, पण तिन्ही थोडे थोडे वाढलेत. तरी फोन करायचा?

हो. घरच्यांकडून सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ६४ वर्षांच्या बाई आहेत असं धरा. ड्राय वेट ५८.४, नेहमीची नाडी ६८, घोट्याचा घेर २१.५ सेंटिमीटर, झोपायला एक उशी. गणपतीचे दिवस, घरात पाहुणे.

सोमवार: वजन ५८.५, नाडी ७०, घेर २१.५.
मंगळवार: ५८.९, ७४, २१.५.
बुधवार: ५९.६, ७८, २१.५. मोज्याचा वळ उशिरापर्यंत.
गुरुवार: ६०.३, ८२, २२. आदल्या रात्री दुसरी उशी घेतली.

गुरुवारी सकाळी सोमवारपासूनची वाढ १.८ किलो आहे, २ नाही. नाडी १४ ने जास्त आहे, १५ नाही. खळगा पडत नाही. प्रत्येक आकडा वेगवेगळा बघितला तर 'अजून एक दिवस बघू' असंच वाटेल. पण चारही दिवस वजन आणि नाडी एकाच दिशेने चालली आहेत आणि आता घेर आणि उशीही वाढली आहे. खरं तर फोन बुधवारीच व्हायला हवा होता: वजन १.१ ने वर आणि नाडी १० ने वर, दोन्ही रोज चढती. नियम असा लक्षात ठेवा: एकटा आकडा असेल तर प्रश्न ७ मधली मर्यादा. दोन आकडे एकाच वेळी चढत असतील तर वजनाला १ किलो आणि नाडीला १० एवढं पुरेसं.

फोनवर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील: "काही नवीन गोळी?" इथे उत्तर निघतं, की उभं राहून गुडघे दुखले म्हणून रविवारपासून दोन वेळा डायक्लोफेनॅक चालू आहे. ही वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. जोडीला फरसाण, लोणचं, पापड. अशा वेळी डॉक्टर ती गोळी बंद करून लघवीच्या गोळीचा डोस काही दिवस वाढवतात आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासायला सांगतात. उतरताना क्रम लक्षात घ्या: लघवी पहिल्याच दिवशी वाढते, वजन दुसऱ्या दिवसापासून उतरतं, नाडी त्यामागोमाग, आणि घोटा सगळ्यात शेवटी. डोस वाढवून दोन दिवसांत वजन हललंच नाही तर पुन्हा फोन करायचा. गोळी लागू पडत नाहीये हे डॉक्टरांना कळायला हवं.

९. फोनची वाट न बघता १०८ ला कधी बोलवायचं?

बसल्या जागी दम लागतोय, वाक्य पुरं करता येत नाही, आडवं होताच गुदमरतंय, गुलाबी फेसाळ थुंकी येतेय, ओठ निळसर दिसताहेत, छातीत दुखतंय, शुद्ध हरपली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा अंग गार पडून घाम सुटलाय. यातलं एकही असेल तर काट्यावर उभं करू नका, आकडे मोजत बसू नका.

रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला खाटेच्या कडेला ताठ बसवा, पाय खाली सोडा. आडवं करायचं नाही. लिफ्ट नसेल तर जिना उतरवायचा नाही, स्ट्रेचर किंवा खुर्चीवरून न्यावं लागेल हे फोनवरच सांगा. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, आतल्या चाळी गाडीला सापडत नाहीत. फाईल आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत सोबत घ्या.

१०. आईला एएफ आहे, नाडी कधी ७५ तर कधी ९५ येते. मग काय धरायचं?

एएफमध्ये, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, दोन ठोक्यांतलं अंतर सतत बदलतं, त्यामुळे दर मिनिटाचा आकडाही बदलतो. एक-एक मिनिटाने तीन वेळा मोजा आणि सरासरी लिहा. शक्य असेल तर स्टेथोस्कोपने छातीवरचे ठोके मोजायला शिकून घ्या. काही ठोके इतके कमकुवत असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, आणि छातीवर ११० असताना मनगटावर ९० लागते.

इथे विश्रांतीची नाडी ७० च्या खाली आणण्याचा आग्रह नसतो. साधारण ११० च्या खाली टिकली तर चालतं. सरासरी ११० च्या वर जाऊ लागली, किंवा तिच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा २० ने चढली, तर त्याच दिवशी फोन. अचानक तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं हे एएफमधल्या गुठळीमुळे होऊ शकतं, तेव्हा थेट १०८.

११. नाडी ४८ आली. बीटा ब्लॉकर आजच्या दिवस बंद ठेवू का?

आधी हाताने मोजून खात्री करा (प्रश्न ४). मग बघा: चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, विलक्षण थकवा आहे का? असेल तर लगेच फोन. नसेल, आणि नाडी नेहमी ५२-५५ असते, तर गोळी घ्यायच्या आधी ओपीडीत फोन करून विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. ही गोळी एकदम थांबवली की नाडी आणि बीपी उसळतात, छातीत दुखू शकतं, आणि हार्ट फेल्युअर उलटतं.

डिगॉक्सिन चालू असेल आणि मंद नाडीसोबत मळमळ, भूक मेलेली किंवा वस्तू पिवळसर दिसणं असेल, तर ते रक्तात साठल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी बोला. पेसमेकर बसवलेल्यांनी यंत्रावर ठेवलेला किमान आकडा कार्डवरून लिहून घ्यावा. हाताने मोजलेली नाडी वारंवार त्याखाली येत असेल तर कळवा.

१२. वजन आणि नाडी जागच्या जागी आहेत, तरी दम वाढलाय. असं होतं का?

होतं, आणि हा फसवा प्रकार आहे. दीर्घ आजारात माणूस जेवत नाही, मांडीचं आणि दंडाचं मांस झडतं. दोन किलो मांस गेलं आणि दोन किलो पाणी आलं तर काटा तेवढंच दाखवतो. दंड हडकुळे, पण पोट तट्ट आणि घोटे भरलेले, असं चित्र दिसलं की ड्राय वेट खाली आलंय असं समजून डॉक्टरांना दाखवा.

दुसरं कारण: बीपी एकदम चढलं किंवा हृदयाची लय बिघडली की अंगातलंच पाणी काही तासांत फुप्फुसांकडे सरकतं. वजन वाढायला वेळच मिळत नाही. म्हणून नियम एकच: त्रास आणि आकडे यांचं जमत नसेल तर त्रासावर विश्वास ठेवा.

१३. घोटे सुजलेत, पण वजन, नाडी, दम सगळं ठीक. पाणीच असेल ना?

नेहमीच नाही. बीपीसाठी दिलेल्या ॲम्लोडिपीनने दोन्ही घोटे सुजतात आणि लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही. नसांच्या दुखण्यासाठीच्या प्रिगाबालिननेही सूज येते. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोनने तर खरंच पाणी साठतं, हार्ट फेल्युअरमध्ये ती गोळी टाळतात. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असेल तर पाकीट घेऊन हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी आणि गरम, ही शिरेतल्या गुठळीची खूण असू शकते. त्याच दिवशी तपासून घ्या, आणि तो पाय चोळू नका.

१४. वजन कमी होतंय. हे चांगलंच ना?

डॉक्टरांनी पाणी काढायला डोस वाढवला असेल तर हो, ड्राय वेटपर्यंत. त्याखाली दीड-दोन किलो गेलं, उभं राहताना गरगरतंय, लघवी थोडी आणि गडद होतेय, नाडी चढलीय, तर अंग कोरडं पडतंय. इथे नाडी वर आणि वजन खाली, अशी उलटी जोडी दिसते. नुसत्या नाडीवरून पाणी वाढलंय की घटलंय हे सांगता येत नाही, ते वजनाशेजारी ठेवूनच कळतं.

मे आणि ऑक्टोबरच्या घामात, आणि पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्यावर हे घडतं. अशा दिवशी लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन नेहमीप्रमाणे घेत राहिलं तर मूत्रपिंडाला धक्का बसू शकतो. कोणती थांबवायची हे त्याच दिवशी विचारा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडं वजन उतरणं अपेक्षित आहे, ते कळवा पण घाबरू नका.

१५. वजन वाढलं की आम्हीच एक लघवीची गोळी जास्त देतो. चालेल?

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच: किती वाढल्यावर, किती गोळ्या, किती दिवस. असा लेखी बेत मागून घ्या, बरेच डॉक्टर देतात. त्याशिवाय अंदाजाने गोळी वाढवली तर पोटॅशियम घसरतं आणि लय बिघडू शकते. 'कमी सोडियमचं मीठ' स्वतःहून सुरू करणंही तितकंच वाईट. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जातं.

१६. फोनवर दोन मिनिटं मिळतात. काय सांगू?

वही हातात घेऊन, या क्रमाने: "ड्राय वेट ५८.४, सोमवारी ५८.५, आज ६०.३, तीन दिवसांत १.८ वाढलं. नाडी नेहमी ६८, आज ८२, नियमित. घोट्याचा घेर अर्धा सेंटिमीटर जास्त, खळगा नाही. काल रात्रीपासून दोन उशा. बीपी अमुक. लघवीची गोळी सकाळी एक, चुकलेली नाही. रविवारपासून गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक." नुसतं "सूज आलीय, काय करू?" विचारलं तर डॉक्टरांना हेच सगळं एकेक करून काढावं लागतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर मागच्या सात दिवसांच्या पानाचा सरळ फोटो पाठवा, पण पाठवल्यावर फोनही करा. निळी खूण आली म्हणजे मेसेज वाचून निर्णय झाला असं नव्हे.

१७. सासरे अंथरुणाला खिळलेत, काट्यावर उभेच राहू शकत नाहीत. मग?

मग नाडी, श्वास आणि सूज यांवर भिस्त. झोपून असलेल्या माणसाचं पाणी घोट्यांत उतरत नाही, कमरेखाली माकडहाडाच्या भागात साठतं. सकाळी कुशीवर वळवताना तिथे अंगठ्याने पाच सेकंद दाबून बघा. मांड्यांच्या मागेही बघा. पोटाचा घेर बेंबीवरून टेपने रोज त्याच वेळी मोजा. झोपेत असताना मिनिटाला श्वास किती घेतात ते मोजून लिहा. तो आकडा रोजच्यापेक्षा चढत असेल, किंवा उशाशी आणखी आधार लागत असेल, तर त्याच दिवशी फोन करा. घोटे बारीक दिसताहेत म्हणून निर्धास्त राहू नका.